जमेची बाजूही छापा

मराठी दैनिकांच्या आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांस,



तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. मागच्या पावसाळ्यात एक किराणा दुकानदार माझ्याकडे आले. वय बासष्ट. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाला साखर तोलताना त्यांच्या उजव्या हातातून वजन निसटले, हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले, म्हणून त्यांनी रात्रीपर्यंत दुकान चालवले. दुसऱ्या दिवशी सुनेने जवळजवळ ओढतच आणले. दीड वर्षापूर्वी याच बाजूला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि तेव्हापासून कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू होत्या. "गोळ्या घेताय ना?" असे विचारल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले कात्रण काढून माझ्यापुढे ठेवले. "चार महिन्यांपूर्वी बंद केल्या, डॉक्टर. तुम्हीच वाचा."

कात्रण एका आरोग्य पुरवणीतले होते. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, ७० च्या खाली गेले तर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका दुपटीहून अधिक, असा त्याचा आशय. यांच्या शेवटच्या रिपोर्टवर एलडीएल होते ४८. हिशेबी माणूस. दोन आकडे शेजारी ठेवले आणि गोळी बंद केली.

ती बातमी खोटी असती तर मी हे पत्र लिहिले नसते. ती खरी होती, पण अर्धी होती. खतावणीतले फक्त खर्चाचे पान वाचून दुकान बुडाले असे ठरवावे, तसे तिने वाचकाला करायला लावले. उरलेले अर्धे काय आहे ते मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी तो 'दुपटीहून अधिक' कुठून आला ते पाहू. अमेरिकेतल्या सुमारे २८ हजार स्त्रियांवर जवळपास १९ वर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे एलडीएल १०० ते १३० च्या दरम्यान होते अशा सुमारे दहा हजार स्त्रियांपैकी ४० जणींच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ज्यांचे एलडीएल ७० च्या खाली होते अशा १०६९ स्त्रियांपैकी ९ जणींच्या. म्हणजे हजारात चार विरुद्ध हजारात आठ, आणि तेही एकोणीस वर्षांत. वय वगैरेंचा हिशेब धरल्यावर हा फरक दुपटीच्या किंचित वर जातो. तेव्हा 'दुप्पट' बरोबरच आहे. पण 'हजारात चारऐवजी आठ' हेही तितकेच बरोबर आहे, आणि ते छापले असते तर वाचकाच्या मनात वेगळे चित्र उभे राहिले असते. शिवाय या सगळ्या स्त्रिया होत्या आणि पक्षाघात होऊन गेलेले रुग्ण म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती. माझ्यासमोर बसलेला माणूस पुरुष होता आणि त्याला एक झटका येऊन गेला होता. त्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा होता.

तो मांडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण सगळा घोळ तिथेच होतो. पक्षाघात हा एक आजार नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तरी हात-पाय जातात आणि मेंदूतली रक्तवाहिनी फुटली तरी जातात. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. खात्रीने सांगतो तो सी.टी. स्कॅन. पण आत घडते ते अगदी उलट आहे. एकात नळ तुंबलेला असतो, दुसऱ्यात फुटलेला. आणि कोलेस्टेरॉलचे या दोघांशी असलेले नाते परस्परविरुद्ध दिशांना जाते.

हे लक्षात यायला डॉक्टरांनाही वेळ लागला. १९९५ साली ४५ अभ्यास एकत्र करून साडेचार लाख माणसांमधले १३ हजार पक्षाघात तपासले गेले. निष्कर्ष निघाला की कोलेस्टेरॉलचा आणि पक्षाघाताचा फारसा संबंधच दिसत नाही. त्याचे एक मोठे कारण असे की त्या आकड्यांत दोन्ही प्रकार एकाच टोपलीत पडले होते. जास्त कोलेस्टेरॉलमुळे वाढलेल्या गुठळ्या आणि कमी कोलेस्टेरॉलबरोबर वाढणारे रक्तस्राव एकमेकांना खोडून टाकत होते. खरे तर त्याआधीच, १९८९ साली, अमेरिकेतल्या साडेतीन लाख पुरुषांच्या नोंदींनी इशारा दिला होता. ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १६० च्या खाली होते त्यांच्यात मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. पण हा फरक फक्त अशा पुरुषांत दिसला ज्यांचा खालचा रक्तदाब ९० किंवा त्याहून जास्त होता. हे वाक्य कृपया ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

आता एलडीएल कमी केल्याने गुठळीचा पक्षाघात कसा टळतो ते पाहू. एलडीएलचे कण धमनीच्या अस्तरातून आत शिरतात आणि तिथे साठतात. मानेतली मोठी धमनी जिथे दोन फांद्यांत विभागते तिथे रक्ताचा प्रवाह घोटाळतो, म्हणून ती जागा त्यांना विशेष मानवते. साठलेली चरबी साफ करायला आलेल्या पेशी तीच चरबी खाऊन तिथेच मरतात, आणि भिंतीत एक मऊ, चिघळलेला गाभा तयार होतो. वर पातळ साय धरावी तसे एक आवरण असते. ते एखाद्या दिवशी फाटते, फाटल्या जागी रक्त गोठते आणि गुठळीचा तुकडा सुटून वर मेंदूत जाऊन अडकतो. धमनी किती अरुंद झाली आहे याबरोबरच ते आवरण किती कच्चे आहे यावरही हे अवलंबून असते. एलडीएल बरेच खाली आणून तसेच ठेवले की गाभा हळूहळू आकसतो आणि आवरण जाड होते. धमनी पुन्हा कोवळी होत नाही, पण ते आवरण फाटण्याची शक्यता घटते.

याला मर्यादाही आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडल्याने हृदयातच गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर त्या गुठळीचा एलडीएलशी संबंध नसतो. तिथे रक्त पातळ करणारे वेगळे औषध लागते. म्हणून स्टॅटिन प्रत्येक पक्षाघात टाळत नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर ढोबळ हिशेब असा निघतो की एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने कमी केले की गुठळीच्या पक्षाघाताचा धोका सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो.

आता माझ्या दुकानदारासारख्या माणसाची खतावणी. त्यांच्यासारख्या रुग्णांवरच झालेली एक चाचणी आहे. तिचे नाव स्पार्कल. २००६ साली तिचे निष्कर्ष आले. नुकताच पक्षाघात किंवा तसा तात्पुरता झटका येऊन गेलेले ४७३१ रुग्ण तिच्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. अर्ध्यांना रोज ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे पाच वर्षे हे चालले. औषधाच्या गटात एलडीएल सरासरी ७३ वर राहिले, दुसऱ्या गटात १२९ वर.

गुठळीचे पक्षाघात औषधाच्या गटात २१८ जणांना झाले, दुसऱ्या गटात २७४ जणांना. रक्तस्राव मात्र औषधाच्या गटात ५५, दुसऱ्यात ३३. मथळा करायचा तर 'कोलेस्टेरॉलच्या गोळीने रक्तस्राव ६६ टक्क्यांनी वाढतो' असा करता येतो, आणि तो खोटा ठरणार नाही. पण हजार रुग्णांचा हिशेब मांडा. पाच वर्षांत हजारांमागे गुठळीचे पक्षाघात २४ ने कमी, रक्तस्राव ९ ने जास्त. त्याखेरीज हृदयविकाराचे मोठे झटके हजारी १७ ने कमी. आणि ज्या रक्तस्रावाने जीव गेला अशांची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती.

मी हे सगळे त्या दुकानदारांना प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दाखवले. त्यांनी क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "म्हणजे चोवीस जमा, नऊ खर्च. आणि हार्टचे सतरा वरकड." मग थोडे थांबून विचारले, "पण त्या नऊ जणांत मी नसेन कशावरून?"

प्रश्न अचूक होता. स्पार्कलच्या संशोधकांनीही तोच प्रश्न विचारला आणि दोन वर्षांनी उत्तर प्रसिद्ध केले. रक्तस्राव कोणाला झाला? ज्यांचा पहिला पक्षाघातच रक्तस्रावाचा होता, त्यांना इतरांच्या पाचपटीहून अधिक. ज्यांचा वरचा रक्तदाब आधीच्या तपासणीत १६० च्या किंवा खालचा १०० च्या वर होता, त्यांना सुमारे सहापट. पुरुषांना काहीसा जास्त, वय वाढेल तसा जास्त. आणि एलडीएल किती खाली उतरले होते, याचा संबंध? तो सापडलाच नाही. ज्यांचे एलडीएल फार उतरले तेच फुटले, असे झाले नाही.

इथे १९८९ चे ते वाक्य आठवा. दोन्ही ठिकाणी बोट रक्तदाबाकडेच जाते. याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते: मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या केसाएवढ्या धमन्या वर्षानुवर्षे जास्त दाब सोसून जर्जर होतात, त्यांच्या भिंती टिकायला पेशींना थोडे कोलेस्टेरॉल लागते, आणि ते फार कमी असेल तर भिंत आणखी कच्ची पडते. स्टॅटिनमुळे रक्त गोठण्याची क्रियाही किंचित मंदावत असावी. हा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तो मानला तरी फोडणारा हात दाबाचाच ठरतो.

मग स्पार्कलमधल्या ७३ च्याही खाली, पार ३० पर्यंत गेले तर? आता अशी इंजेक्शने आहेत की ती यकृताला रक्तातले एलडीएल भराभर उचलायला लावतात. त्यांची पहिली मोठी चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. २७,५६४ रुग्ण, इंजेक्शनच्या गटात एलडीएल ९२ वरून ३० वर आले. गुठळीचे पक्षाघात पाव हिश्शाने घटले. रक्तस्राव झाले २९, आणि बिनऔषधाचे इंजेक्शन मिळालेल्या गटात २५. प्रत्येक गटात पावणेचौदा हजार माणसे असताना चारचा हा फरक योगायोगाचाही असू शकतो. दुसऱ्या वर्षी आलेल्या तशाच एका चाचणीत रक्तस्राव वाढले नाहीत. कमी एलडीएल हेच रक्तस्रावाचे मुख्य कारण असते, तर ३० वर उतरलेल्या हजारो माणसांत ते ठळकपणे दिसायला हवे होते.

तरी शंका पूर्ण मिटलेली नाही, आणि तसे लिहिणे हेही तुमचे काम आहे. पहिली चाचणी सरासरी सव्वादोन वर्षेच चालली. त्यातल्या अनेकांवर पुढे आणखी काही वर्षे लक्ष ठेवले गेले, पण आयुष्यभराचा हिशेब अजून कोणाकडे नाही. आधी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना या चाचण्यांत घेतलेच नव्हते, म्हणजे ज्यांना धोका सर्वांत जास्त त्यांच्याविषयी त्या मुक्या आहेत. आणि चीनमध्ये, जिथे रक्तस्रावाचे पक्षाघात युरोपपेक्षा बरेच जास्त होतात, तिथल्या लाखो लोकांच्या एका अभ्यासात ज्यांना जन्मतःच जनुकांमुळे कमी एलडीएल लाभले होते त्यांच्यात गुठळ्या कमी आणि रक्तस्राव थोडे जास्त, असेच दिसले. तेव्हा कमी एलडीएलचा थोडा हात असेलही. तो नाकारू नका. फक्त त्याचे माप सांगा.

गोळी न घेता ज्यांचे एलडीएल ५० वर असते, त्यांचीही वेगळी नोंद घ्यायला हवी. अशा माणसांत कधी कुपोषण, कधी यकृताचा आजार, कधी रोजची दारू असते. दारूने रक्तदाबही वाढतो आणि रक्तस्रावाची शक्यताही. अशा ठिकाणी कमी एलडीएल हे आजाराचे कारण नसून आजाराची सावली असू शकते. गोळीने ५० वर आणलेला माणूस आणि आजाराने ५० वर आलेला माणूस रिपोर्टवर सारखेच दिसतात, पण ते सारखे नसतात.

आणि खरी सावधगिरी कोणासाठी? ज्यांना पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला आहे, विशेषतः मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या भागात. उतारवयात तिथल्या धमन्यांमध्ये एक प्रथिन साठून त्या ठिसूळ होतात, आणि एकदा फुटल्या की पुन्हा फुटायची भीती असते. ज्यांच्या एम.आर.आय.मध्ये जुन्या सूक्ष्म रक्तस्रावांचे अनेक ठिपके दिसतात. ज्यांचा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येत नाही. अशांच्या बाबतीत स्टॅटिन द्यायचे की नाही, किती द्यायचे, हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञाने एकेका रुग्णाला समोर बसवून घ्यायचा असतो. तुमची बातमी खरे तर या लोकांसाठी होती. ती वाचून गोळी थांबवली मात्र दुसऱ्याच माणसाने.

आता त्यांचे काय झाले ते सांगतो. त्यांचा पहिला झटका गुठळीचा होता, तेव्हाच्या सी.टी.मध्ये रक्तस्राव नव्हता आणि डॉप्लरमध्ये मानेच्या डाव्या धमनीत चरबीचा थर दिसला होता. उपचारापूर्वी एलडीएल १४२. स्टॅटिन आणि जोडीला इझेटिमाइब दिल्यावर ४८. म्हणजे ९४ ची घट. वरचा ढोबळ नियम लावला तर पहिल्या ३९ ला गुठळीचा धोका शंभराचा ऐंशी, दुसऱ्या ३९ ला चौसष्ट, उरलेल्या १६ ला अठ्ठावन्नच्या आसपास. चार महिने गोळ्या बंद केल्यावर ते पुन्हा १३९ वर पोचले होते. हात लुळा पडला तो त्यामुळेच, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या बाबतीत तसे सिद्ध करता येत नाही. पण जे आवरण जाड व्हायला लागले होते, त्याचे काम मध्येच थांबले होते एवढे नक्की.

खरी धक्कादायक गोष्ट दुसरीच होती. मी त्यांचा रक्तदाब मोजला: १७२ बाय १००. हात टेकवून, पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला: १६८ बाय ९८. बीपीची गोळी ते 'डोके दुखले की' घेत होते. जेवणात पापड, लोणचे आणि वरून मीठ होतेच. म्हणजे रक्तस्रावाच्या भीतीने त्यांनी अशी गोळी सोडली होती जिचा त्या भीतीशी धूसर संबंध होता, आणि ज्याने धोका सहापट होतो त्या रक्तदाबाकडे पाहिलेही नव्हते. त्यात त्यांची चूक कमी होती. कात्रणात रक्तदाब हा शब्दच नव्हता.

त्याच दिवशी त्यांना शहरात पाठवले, कारण असा दहा मिनिटांचा झटका म्हणजे पुढच्या काही दिवसांत मोठा येण्याची सूचना असते. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, जुने ठिपके नव्हते. कोलेस्टेरॉलच्या दोन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बीपीच्या दोन गोळ्या रोज, ठरलेल्या वेळी. २००१ साली आलेल्या प्रोग्रेस नावाच्या चाचणीत पक्षाघात होऊन गेलेल्या सहा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना बीपीचे औषध दिले होते. दोन औषधे एकत्र मिळालेल्यांचा दाब सर्वांत जास्त उतरला आणि त्यांना फायदाही सर्वांत जास्त झाला. औषध मिळालेल्या एकूण गटात दाब जेमतेम नऊ-दहा अंकांनी उतरला, तरी मेंदूतले रक्तस्राव निम्म्यावर आले आणि गुठळीचे पक्षाघातही घटले. म्हणजे खर्चाची ती नऊची नोंद कमी करण्याचा उपाय आहे, आणि त्यासाठी जमेच्या चोवीसला हात लावावा लागत नाही.

आपल्याकडे माझे मागणे थोडके आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की तिच्यात चार गोष्टी घाला. पक्षाघात कोणता, गुठळीचा की रक्तस्रावाचा. 'दुप्पट' लिहिले की लगेच 'हजारात किती आणि किती वर्षांत' तेही लिहा. ज्यांचे एलडीएल कमी होते ते गोळीने कमी झाले होते की मुळातच कमी होते. आणि त्या माणसांचे रक्तदाब काय होते. यासाठी आणखी एक परिच्छेद लागेल. जागा नसेल तर बातमी एक आठवडा थांबवा, पण अर्धी छापू नका.

तीन महिन्यांनी ते पुन्हा आले. दाब १२८ बाय ७८, एलडीएल ५१. दुकानातल्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी रोजचा रक्तदाब तारीखवार लिहिला होता, उधारीच्या नोंदींसारखाच. कात्रणही त्याच पानाला टाचलेले होते. "फेकले का नाही?" मी विचारले. म्हणाले, "बातमी खरी होती ना? नऊ म्हणून खर्चात धरली आहे."

आपला,
एक वाचक आणि तालुक्याच्या गावचा डॉक्टर